शून्य की शून्यकरणीय? उत्तर फिरवणारे शब्द

न्यायाधीशपदाच्या पूर्वपरीक्षेत शोभेल असा एक प्रश्न घेऊ. 'हिंदू पद्धतीने लग्न लागले तेव्हा वर १९ वर्षांचा आणि वधू २० वर्षांची होती. हिंदू विवाह कायद्यानुसार हा विवाह कोणत्या प्रकारचा?' पर्याय चार: (अ) शून्य, (ब) शून्यकरणीय, (क) वैध, पण शिक्षेस पात्र, (ड) नोंदणी केली तरच वैध.

बहुतेकांचे बोट 'अ' किंवा 'ब'वर जाते. मुलाचे वय २१ हवे ही अट कलम ५ मध्येच आहे. ती मोडली म्हणजे लग्नात काहीतरी कायमचे बिघडले असणार, असे वाटणे साहजिक आहे. तरीही बरोबर उत्तर 'क' आहे. ते का, हे पाहण्याआधी दोन प्रकारांतला फरक नीट समजून घ्यावा लागेल.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम ५ मध्ये लग्नाच्या पाच अटी घातल्या: दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा, मानसिक स्थिती लग्नाला योग्य असावी, वय पुरे असावे, दोघे निषिद्ध नात्यात नसावेत आणि सपिंड नसावेत. अट मोडली तर काय होईल, हे मात्र या कलमात नाही. त्यासाठी पुढची दोन कलमे पाहावी लागतात. कलम ११ म्हणते, पहिली, चौथी किंवा पाचवी अट मोडली तर विवाह शून्य. कलम १२ म्हणते, दुसरी म्हणजे मानसिक स्थितीची अट मोडली तर विवाह शून्यकरणीय. याच कलमात आणखी तीन कारणे येतात: सामनेवाल्याच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध न येणे, बळजबरीने किंवा फसवणुकीने मिळवलेली संमती, आणि लग्नाच्या वेळी वधू दुसऱ्या कोणापासून गरोदर असणे.

आता दोन्ही कलमांत तिसरी, म्हणजे वयाची अट शोधा. ती कुठेच सापडत नाही. कलम १८ मध्ये मात्र ती आहे. तिथे अशा लग्नासाठी दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. म्हणून 'क'.

पण प्रश्नातले 'हिंदू विवाह कायद्यानुसार' हे तीन शब्द बदलून पाहा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली हाच विवाह शून्यकरणीय ठरतो. त्यातही तो रद्द करून मागण्याचा हक्क फक्त लग्नाच्या वेळी 'बालक' असलेल्या पक्षाला आहे. इथे तो १९ वर्षांच्या वराला आहे, २० वर्षांच्या वधूला नाही. 'दोघांपैकी कोणीही अर्ज करू शकतो' असा पर्याय समोर आला, तर तो चुकीचा. आणि हेच दोघे नोंदणी अधिकाऱ्यासमोर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करून गेले असते, तर तो विवाह थेट शून्य ठरला असता, कारण त्या कायद्याने वयाची अट शून्यतेच्या कारणांतच घातली आहे. जोडपे तेच, वये तीच. कायदा बदलला की उत्तरे तीन.

शून्य आणि शून्यकरणीय यांतला व्यवहारातला फरक समजून घ्यायला महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेले प्रकरण आहे: यमुनाबाई आढाव विरुद्ध अनंतराव आढाव, निकाल १९८८ चा. यमुनाबाईंचे लग्न १९७४ मध्ये हिंदू विधींनी लागले. नवऱ्याची पहिली बायको तेव्हा हयात होती आणि ते लग्न मोडलेले नव्हते. छळ होतो म्हणून यमुनाबाई आठवड्याभरातच घर सोडून गेल्या आणि पुढे त्यांनी पोटगीसाठी अर्ज केला. पहिल्या लग्नाची आपल्याला कल्पना नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की हे लग्न पहिल्या दिवसापासूनच शून्य आहे. ते तसे ठरवून घेण्यासाठी आधी कोर्टाचा हुकूमनामा आणावा लागत नाही, आणि दुसऱ्या बाजूला माहीत नव्हते म्हणून शून्य लग्न वैध होत नाही. त्यामुळे पोटगीच्या कलमाखाली त्या 'पत्नी' ठरल्या नाहीत.

इथून दोन फसवे पर्याय तयार होतात. पहिला: 'न्यायालयाने शून्य जाहीर करेपर्यंत दुसरा विवाह वैध असतो.' हे वर्णन शून्यकरणीय विवाहाला लागू पडते. तो विवाह हुकूमनामा होईपर्यंत पूर्ण वैध असतो आणि कोणी अर्जच केला नाही तर आयुष्यभर वैध राहतो. दुसरा: 'पहिली पत्नी नंतर वारली, त्यामुळे दुसरा विवाह वैध झाला.' कायदा 'विवाहाच्या वेळी' जोडीदार हयात होता का एवढेच विचारतो. नंतरच्या मृत्यूने किंवा घटस्फोटाने जन्मतः शून्य असलेले लग्न उभे राहत नाही. यात आणखी एक बारकावा आहे. कलम ११ खालचा अर्ज त्या विवाहातल्या दोघांपैकी एकानेच करायचा असतो. फसवली गेलेली पहिली बायको या कलमाखाली अर्ज करू शकत नाही, तिला दुसऱ्या मार्गाने दाद मागावी लागते. म्हणून 'हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती' हे शब्द पर्यायात दिसले की थांबावे.

शून्यकरणीय विवाहाच्या कारणांत खरी परीक्षा मुदतीची असते. एक उदाहरण तारखांसह पाहू. लग्न ५ फेब्रुवारी २०२३ ला झाले. लग्नाच्या दिवशी पत्नी दुसऱ्या कोणापासून गरोदर होती. नवऱ्याला हे १० एप्रिल २०२४ ला कळले. तो त्याच दिवशी वेगळा झाला आणि महिन्याभरात त्याने गरोदरपणाच्या कारणावरून विवाह रद्द करण्याचा अर्ज केला. पर्याय असे: (अ) विवाह शून्य आहे, (ब) कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज असल्याने विवाह रद्द होईल, (क) कारण शून्यकरणीयतेचे आहे, पण अर्ज मुदतबाह्य आहे, (ड) नवऱ्याला कोणत्याच कारणाने कुठलीच दाद मागता येणार नाही.

'ब' इतका रास्त वाटतो की तो खोटा असेल असे मनातही येत नाही. पण गरोदरपणाच्या कारणासाठी कायद्याने एक वर्ष मोजायला सुरुवात केली आहे ती लग्नाच्या तारखेपासून. ही मुदत फेब्रुवारी २०२४ मध्येच संपली. फसवणुकीच्या कारणासाठी मात्र एक वर्ष फसवणूक कळल्यापासून, आणि बळजबरीसाठी ती बळजबरी संपल्यापासून मोजतात. दोन्हीकडे शब्द 'एक वर्ष' हेच आहेत, मोजणीचा आरंभ वेगळा आहे. प्रश्न तयार करणारा नेमकी हीच अदलाबदल करतो. म्हणून उत्तर 'क'. 'ड' चुकतो तो 'कोणत्याच' या शब्दामुळे, कारण घटस्फोटाची स्वतंत्र कारणे कलम १३ मध्ये आहेतच. मुदत सांभाळली तरी दोन गोष्टी उरतात: लग्नाच्या वेळी अर्जदाराला ही गोष्ट माहीत नसावी, आणि कळल्यानंतर त्याच्या संमतीने शरीरसंबंध आलेला नसावा. शून्य विवाहाला यातले काहीच लागू नाही. कलम ११ मध्ये मुदतच नाही आणि एकत्र राहिल्याने दोष धुऊन निघत नाही.

निषिद्ध नात्याच्या प्रश्नात सापळा आपल्या घराजवळचाच आहे. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे भाऊ-बहिणीची मुले एकमेकांच्या निषिद्ध नात्यात येतात, म्हणजे असे लग्न एरवी शून्यच. मग ती लग्ने टिकतात कशी? कलम ५ ने रूढीचा अपवाद ठेवला आहे म्हणून. पण हिंदू विवाह कायद्यात हा अपवाद दोघांपैकी प्रत्येकाला लागू असलेल्या रूढीने परवानगी दिली तरच मिळतो. वराच्या समाजात चाल आहे आणि वधूच्या समाजात नाही, तर अपवाद लागू होत नाही. विशेष विवाह कायद्यात मात्र दोघांपैकी निदान एकाच्या रूढीची परवानगी पुरते. 'प्रत्येकाच्या' आणि 'एकाच्या' या दोन शब्दांवर लग्नाचे भवितव्य ठरते, आणि पर्यायांतही हेच शब्द मुद्दाम उलटे घातलेले सापडतात. शिवाय हा अपवाद नात्यापुरताच आहे. 'रूढी असल्यास दुसरा विवाहही वैध' हा पर्याय कितीही ओळखीचा वाटला तरी पहिल्या अटीला रूढीचा अपवाद नाही.

नपुंसकत्वाच्या कारणातही दोन शब्द तपासावेत. वंध्यत्व म्हणजे नपुंसकत्व नव्हे. मूल होत नाही एवढ्यावरून विवाह शून्यकरणीय होत नाही, शरीरसंबंधच येऊ शकला नाही असे दाखवावे लागते. आणि तो न येण्याचे कारण सामनेवाल्याचे नपुंसकत्व हवे, अर्जदाराचे स्वतःचे नव्हे. पर्यायात 'क्रूरता', 'त्याग' किंवा 'व्यभिचार' दिसले तर ती घटस्फोटाची कारणे आहेत. लग्न झाल्यानंतर जे घडले त्यासाठी घटस्फोट असतो. विवाह शून्य किंवा शून्यकरणीय ठरतो तो बहुतांशी लग्नाच्या क्षणीच असलेल्या दोषामुळे.

शेवटचा फसवा पर्याय सर्वांत जास्त लोकांना फसवतो: 'शून्य विवाहातील अपत्य अनौरस ठरते.' कलम १६ प्रमाणे शून्य विवाहातले मूल औरस मानले जाते, मग शून्यतेचा हुकूमनामा झालेला असो वा नसो. शून्यकरणीय विवाह रद्द झाला तरी मूल औरसच राहते. फक्त त्याचा हक्क आईवडिलांच्या मालमत्तेपुरता असतो, इतर नातेवाइकांच्या मालमत्तेत नाही. रेवणसिद्धप्पा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये याचा अर्थ आणखी स्पष्ट केला: वडिलांच्या मृत्यूच्या लगेच आधी कुटुंबाची वाटणी झाली असती तर एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत वडिलांच्या वाट्याला जे आले असते, त्यातही या मुलांचा हिस्सा आहे. पोटगीबाबतही यमुनाबाई निकालाची धार पुढे बोथट झाली. पहिले लग्न लपवून दुसरे करणाऱ्या नवऱ्याला त्या लपवाछपवीचा फायदा घेऊन पोटगी टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे या प्रकरणात सांगितले. त्यामुळे 'विवाह शून्य आहे' हे विधान बरोबर आणि 'म्हणून बाईला व मुलाला काहीच मिळणार नाही' हे विधान चूक, अशी दोन वाक्ये एकाच पर्यायात 'म्हणून' या शब्दाने जोडलेली दिसली, तर तो पर्याय खोडायचा.