दोनाचा आकडा आणि हाकललेले राक्षस

एखादं खोकं हातात घ्या आणि मोजा. कोपरे ८, कडा १२, पृष्ठे ६. कोपऱ्यांतून कडा वजा केल्या आणि पृष्ठे मिळवली, तर उत्तर २. त्रिकोणी सूची घेतली तर ४ − ६ + ४, म्हणजे पुन्हा २. काळ्या पंचकोनांचा आणि पांढऱ्या षट्कोनांचा जुन्या पद्धतीचा फुटबॉल घेतला, तरी ६० − ९० + ३२ = २. लिओनार्ड ऑयलरने १७५० च्या नोव्हेंबरात आपला मित्र गोल्डबाख याला पत्रातून हे कळवलं, तेव्हा याची पक्की सिद्धता आपल्याकडे नाही हेही प्रांजळपणे लिहिलं होतं. पुढे सिद्धता आल्या आणि हे सूत्र शाळेच्या पुस्तकात जाऊन बसलं. सपाट पृष्ठांनी बंद झालेली कुठलीही घनाकृती, म्हणजे कुठलंही बहुफलक घ्या, उत्तर २ च येणार.

मग हेसेल आला. योहान हेसेल हा जर्मनीतल्या मारबुर्गचा खनिजशास्त्रज्ञ, म्हणजे रोजचं काम स्फटिकांशी. १८३२ साली त्याने एक बेत मांडला: मोठ्या घनाच्या पोटात सगळीकडून सुटा असा छोटा घन पोकळीच्या रूपात आहे, असं समजा. बाहेरची पृष्ठे सपाट, आतलीही सपाट. मोजलं तर १६ − २४ + १२ = ४. जिनिव्हाच्या सिमाँ लुइलिएने वीसेक वर्षं आधीच असे अपवाद दाखवून दिले होते. हेसेलने आणखी एक भर घातली: एकाच कडेला चिकटलेल्या दोन त्रिकोणी सूची. कोपरे ६, कडा ११, पृष्ठे ८. उत्तर ३.

आता ‘कुठलंही बहुफलक’ म्हणणाऱ्याने काय करायचं? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सूत्राला हात न लावता बहुफलकाची व्याख्या बदलायची. पोकळीवाला घन? छे, बहुफलक म्हणजे भरीव वस्तू नव्हेच, बहुफलक म्हणजे नुसता पृष्ठभाग, तोही एकसंध. तुम्ही आणलीत ती दोन बहुफलकं आहेत. जोडसूची? बहुफलकाच्या प्रत्येक कडेला दोनच पृष्ठे भेटायला हवीत, तुमच्या त्या सामाईक कडेला चार भेटतात. व्याख्येत दर वेळी एक कलम वाढतं आणि दाव्याला ओरखडाही उठत नाही.

तर्कशास्त्रात या पळवाटेला अस्सल स्कॉटिश माणसाचं नाव आहे, ते अँटनी फ्ल्यू या तत्त्वज्ञाने १९७५ च्या पुस्तकातल्या उदाहरणाने रूढ केलं. स्कॉटिश माणूस असलं दुष्कृत्य करणारच नाही, असं म्हणावं, दुसऱ्या दिवशी पेपरात तसा स्कॉटिश माणूस सापडावा, आणि मग म्हणावं की अस्सल स्कॉटिश माणूस करणार नाही. गणितातला हाच खेळ इम्रे लाकाटोश या हंगेरियन तत्त्वज्ञाने रंगवून दाखवला. १९५६ नंतर तो देश सोडून इंग्लंडला आला होता. त्याचं पुस्तक म्हणजे एका काल्पनिक वर्गातला वाद आहे. विद्यार्थ्यांची नावं ग्रीक अक्षरांची, आणि त्यातला डेल्टा प्रत्येक अपवादाला ‘राक्षस’ म्हणून दाराबाहेर काढतो. वर्ग काल्पनिक असला, तरी तळटिपांत दिसतं की ही वाक्यं खरोखरच्या गणितज्ञांची आहेत.

त्यातलं श्लेफ्लीचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. ज्यांची पृष्ठे एकमेकांतून आरपार जातात अशी चार सुरेख नियमित बहुफलकं आहेत. त्यांतली दोन केप्लरने वर्णिली, उरलेली दोन १८०९ साली प्वाँसोने. यांपैकी दोघांत उत्तर २ येतं, दोघांत −६ येतं. श्लेफ्ली हा स्वित्झर्लंडचा फार मोठा भूमितितज्ज्ञ, पण १८५०च्या सुमारास त्याने पहिल्या दोघांना नियमित बहुफलक म्हणून पदरात घेतलं आणि दुसऱ्या दोघांना नाकारलं. कारण? ती सूत्र पाळत नाहीत. चौघांची पृष्ठे सारखीच छेदतात, चौघे एकाच कुळातले. आत आणि बाहेर ठरवणारी एकमेव गोष्ट म्हणजे जे सिद्ध करायचं तेच सूत्र. असं झालं की ‘सगळ्या बहुफलकांत उत्तर २ येतं’ याचा अर्थ ‘ज्यांत २ येतं त्या सगळ्यांत २ येतं’ एवढाच उरतो. ते कधी खोटं ठरणार नाही, आणि त्यातून काही कळणारही नाही.

पण व्याख्या बदलणं दर वेळी लबाडीच असतं का? तसं नाही. फरक कळतो तो सिद्धता उघडून पाहिल्यावर. कोशी या गणितज्ञाची १८११ च्या सुमाराची युक्ती अशी: बहुफलक रबराचं आहे असं समजा. एक पृष्ठ कापून काढा, उरलेलं ताणून टेबलावर सपाट पसरा. मग प्रत्येक पृष्ठात कर्ण काढून त्याचे त्रिकोण करा. कर्णामागे एक कड वाढते आणि एक पृष्ठ वाढतं, म्हणून बेरीज ढळत नाही. मग एकेक त्रिकोण काढत शेवटी एकच उरतो, ३ − ३ + १ = १. कापलेलं पृष्ठ परत धरलं की २.

आता या युक्तीसमोर एक राक्षस उभा करू. मोठ्या खोक्यावर मधोमध छोटं खोकं चिकटवा. १६ कोपरे, २४ कडा, ११ पृष्ठे. उत्तर ३. इथे ना पोकळी, ना भोक. चूक कुठे झाली? मोठ्या खोक्याचं वरचं पृष्ठ आता कडीसारखं आहे, मधे छोट्याने जागा अडवलेली. त्यात बाहेरच्या कोपऱ्यापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढा. कड वाढली, पण पृष्ठाचे दोन तुकडे झालेच नाहीत! कर्णाची पायरी नेमकी इथे घसरली. आणि रेघ ओढून पुन्हा मोजा: १६ − २५ + ११ = २. म्हणजे जास्तीचा १ हा त्या कडीसारख्या पृष्ठाचाच होता.

फोटोफ्रेम घ्या, म्हणजे चौकोनी चौकट, मधे आरपार भोक. १६ कोपरे, २४ कडा, १० पृष्ठे, उत्तर २. सूत्र पाळलं, असं वाटतं. पण इथे वरचं आणि खालचं अशी दोन पृष्ठे कडीसारखी आहेत. सुताराने चारही कोपऱ्यांत तिरका सांधा दिला, तर वर चार आणि खाली चार रेघा येतात: १६ − ३२ + १६ = ०. आधीचे २ हे दोन चुकांनी मिळून दिलेलं उत्तर होतं. खरं उत्तर ०, कारण एक पृष्ठ कापून ही फ्रेम टेबलावर सपाट पसरताच येत नाही. कोशीची पहिलीच पायरी अडते.

म्हणून ‘पृष्ठे कडीसारखी नसावीत, आणि एक पृष्ठ काढल्यावर उरलेलं सपाट पसरता यावं’ ही अटही बाहेरून ठिगळ लावल्यासारखी दिसली, तरी ती अपवादाला घाबरून आलेली नाही. ती सिद्धतेच्या पायऱ्यांतच दडलेली होती, आणि अपवादाने ती नुसती वर आणली. शिवाय ती नवीन काही सांगते: आरपार भोक एक असेल तर उत्तर ०, दोन असतील तर −२, दर भोकामागे २ कमी. हे लुइलिएलाच उमगलं होतं. ज्या आकृत्यांना डेल्टा हाकलत होता, त्यांची भोकं मोजायचं यंत्रच या सूत्रात निघालं.

आणि श्लेफ्लीने नाकारलेले ते दोघे? त्यांतला केप्लरचा तारा घ्या: बारा पंचकोनी चांदण्या, १२ टोकं, ३० कडा. १२ − ३० + १२ = −६. चांदण्या एकमेकींना जिथे छेदतात तिकडे काणाडोळा करून, कुठलं पृष्ठ कुणाला कडेने जोडलंय एवढंच पाहत त्याचा पृष्ठभाग उलगडला, तर तो चार भोकं असलेल्या वस्तूचा पृष्ठभाग निघतो. २ वजा ८, म्हणजे −६. हाच तारा चांदण्यांचा न मानता, हाताला बाहेरून लागणाऱ्या ६० छोट्या त्रिकोणांचा मानला, तर मोजणी ३२ − ९० + ६० होते आणि उत्तर चक्क २ येतं.