घट बसले की धावायचं कसं?

2025 साली घटस्थापना 22 सप्टेंबरला, सोमवारी होती आणि दसरा 2 ऑक्टोबरला. मुंबई मॅरेथॉन 18 जानेवारीला, म्हणजे दसऱ्यानंतर साधारण साडेपंधरा आठवड्यांनी. हौशी धावपटूंचा सराव जोर धरायचा तेव्हाच नवरात्राचे उपवास आले.

ठाण्यातली चाळिशीतली एक धावपटू डोळ्यांसमोर आणू. तिची तयारी अर्धमॅरेथॉनची. मंगळवारी आणि शनिवारी सावकाश धावायचं, गुरुवारी वेगाचा सराव, रविवारी चौदा किलोमीटर. नवरात्रात ती एकभुक्त असते: दिवसभर पाणी, आणि रात्री आठच्या आरतीनंतर फराळ.

तिला पहिला प्रश्न पडतो वेळेचा. पहाटे साडेपाचला धावली तर रात्रीचा फराळ होऊन साडेनऊ तास झालेले असतात. स्नायूंमधला साखरेचा साठा बऱ्यापैकी शाबूत असतो, हवाही थंड असते. अडचण पुढे येते. धावून झाल्यावर झीज भरून काढायला चौदा तास पोटात काही जात नाही. संध्याकाळी सातला धावली तर यकृतातला साठा बराच उतरलेला असतो, म्हणून जोर लावता येत नाही. पण धावून आल्यावर लगेच पान वाढलेलं असतं. कडक एकभुक्त असणाऱ्यांसाठी संध्याकाळचीच वेळ बरी. सकाळी दूध-केळं चालत असेल, तर मात्र पहाट सोडू नये.

वेगाचं गणित सोपं आहे. हळू धावताना शरीर चरबीचा बराच वापर करतं, वेग वाढला की साखरेवरचा भार वाढतो. म्हणून या दिवसांत धावता धावता सलग पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. घड्याळातल्या नेहमीच्या वेगाकडे पाहू नये. उपवासात तोच वेग जड जातो. गुरुवारचा वेगाचा सराव या काळापुरता रद्दच करावा. त्याने काही बिघडत नाही, कारण दहा दिवस हलकं धावल्याने महिन्यांची कमाई जात नाही.

त्या वर्षी तिथी वाढल्याने नवरात्र दहा दिवसांचं झालं, तरी त्यात रविवार एकच आला, 28 सप्टेंबरचा. तिने चौदा किलोमीटर घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, 21 तारखेलाच उरकावेत. उपवासात मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि पुढचा मंगळवार असं चार वेळा तीस-चाळीस मिनिटं सावकाश धावावं. मधल्या रविवारी विश्रांती. पुढची लांब धाव 5 ऑक्टोबरला. दसऱ्याला पुरणपोळी खाऊन लगेच दुसऱ्या पहाटे लांब पल्ल्याला निघू नये. रिकामे साठे भरायला दोन दिवस द्यावेत.

आता पाणी. घाम किती जातो ते वजनकाटा सांगतो. धावण्याआधी वजन 62 किलो आणि नंतर अंग पुसून 61.4 भरलं, तर सुमारे सहाशे मिलिलिटर घाम गेला. त्याच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे साडेसातशे ते नऊशे मिलिलिटर, पुढच्या काही तासांत घोट घोट घ्यावं. पण नुसतं पाणी नको. घामातून मीठ जातं, आणि उपवासाला अळणी खाणारे ते भरून काढत नाहीत. मीठ न घेता पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरून डोकं दुखतं, मळमळतं; ते फार उतरलं तर जिवावर बेतू शकतं. चालत असेल तर ताकात सैंधव घालून घ्यावं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. त्यावरच विसंबू नये.

फराळात साबुदाण्याची खिचडी असतेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. धावपटूला त्याचा उपयोग आहे, पण स्नायूंच्या दुरुस्तीला लागणारी प्रथिनं त्यात नाहीत. भगरीबरोबर दाण्याची आमटी, राजगिरा, दही-दूध यांनी ती कसर भरून निघते.

अनवाणी राहण्याचं व्रत असेल, तर मात्र धावूच नये. बुटांची सवय असलेले पाय एकदम अनवाणी धावायला लागले, की पोटऱ्या, टाचेमागची शीर आणि पावलाची हाडं यांवर अचानक ताण येतो. ती दुखणी दसऱ्यानंतरही आठवडेच्या आठवडे सोडत नाहीत. त्या दिवसांत चालणं आणि घरी पायांचे व्यायाम पुरेत.

हात थरथरू लागले, थंड घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तातली साखर उतरली असं समजून तिथेच थांबावं आणि गोड खावं. उपवासाला चालणारे चार खजूर खिशात असू द्यावेत आणि एकट्याने धावू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवास आणि धावणं एकत्र करण्याआधी, औषधाची वेळ आणि मात्रा घट बसण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.