पार्सल वाट वाकडी करून का जाते?

पार्सल एका शहरातून दुसऱ्या शहरात दोन रीतींनी पाठवता येते: थेट, किंवा मधल्या एका केंद्रातून, म्हणजे हबमधून. हबच्या पद्धतीत सगळ्या शहरांचा माल रात्री एका जागी येतो, तिथे त्याची वर्गवारी होते आणि तो आपापल्या मुक्कामाकडे निघतो. ही रीत भारताला नवी नाही. 1949 साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने रात्री नागपूरला एकत्र येत, टपालाची अदलाबदल करत आणि परत फिरत.

पार्सलच्या धंद्यात या पद्धतीचा कस लागला तो अमेरिकेत. 17 एप्रिल 1973 च्या रात्री फेडरल एक्सप्रेसने मेम्फिसला हब करून 14 छोट्या विमानांनिशी 25 शहरांची सेवा सुरू केली. त्या रात्री पार्सले होती फक्त 186. पंचवीस शहरांच्या आपसातल्या जोड्या 300 होतात. प्रत्येक पार्सल वेगळ्या जोडीचे धरले, तरी शंभरावर जोड्यांना एकही पार्सल नव्हते. थेट विमाने सोडणे अशक्यच होते. मेम्फिसमार्गे मात्र एका शहराचे विमान सगळ्या शहरांकडे जाणारा माल एकदम उचलू शकत होते. सव्विसावे शहर जोडायचे झाले तर थेट पद्धतीत 25 नव्या वाटा लागतात, हबला एकच पुरते.

याची किंमतही आहे. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात जेमतेम साडेपाचशे किलोमीटर हवाई अंतर आहे. पण त्यांच्यातले पार्सल मेम्फिसला जाऊन आले, तर पाच हजारांवर किलोमीटर फिरते. शिवाय हबवर वादळ झाले की ज्या शहरांत आकाश निरभ्र आहे, तिथलाही माल अडकतो. एक विमान उशिरा आले तर बाकीची थांबवायची की त्याचा माल मागे ठेवायचा, हा निर्णय रोज रात्री घ्यावा लागू शकतो.

दोन शहरांमधला माल रोज अख्खा ट्रक भरण्याइतका वाढला की थेट गाडी परवडू लागते. मालाची एक हाताळणी वाचते, मोडतोड कमी होते. पण येताना गाडी रिकामी येत असेल, तर हिशेब बिघडतो. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: भरघोस माल थेट वळवला की हबकडे जाणाऱ्या गाड्या हलक्या होतात आणि उरलेल्या प्रत्येक पार्सलचा खर्च वाढतो. म्हणून त्या एका वाटेची बचत पाहून थेट गाडी सुरू करणे चुकीचे. संपूर्ण जाळ्याचा खर्च पुन्हा मांडूनच ते ठरवले पाहिजे.