कर्जाचा आकडा कॉलेजच्या पत्रातच ठरतो

आधार, पॅन, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सीईटीचं स्कोअरकार्ड हे कागद बहुतेकांच्या घरात तयार असतात. शैक्षणिक कर्जाची फाईल अडते ती इतर तीन कागदांपाशी: प्रवेशपत्र, फीचं पत्रक आणि सहकर्जदाराच्या उत्पन्नाचा पुरावा.

प्रवेशपत्रात प्रवेश कसा मिळाला हे लिहिलेलं हवं. इंजिनीअरिंगला कॅप फेरीतून जागा मिळाली असेल तर कॉलेजच्या पत्रासोबत सीईटी सेलचं वाटपपत्रही जोडा. केंद्राच्या व्याजसवलतीत मॅनेजमेंट कोट्याचा प्रवेश बसत नाही, म्हणून बँक हे बारकाईनं पाहते.

फीच्या पत्रकाचं महत्त्व मात्र घरोघरी कमी लेखलं जातं. समजा, एका मुलीची ट्यूशन फी वर्षाला १,१०,००० रुपये आणि वसतिगृह व मेसचा खर्च ७०,००० रुपये आहे. चार वर्षांचे झाले ७,२०,०००. ४ लाखांवरच्या कर्जात, शिक्षण देशातच असेल तर, साधारण ५ टक्के वाटा घरच्यांनी घालायचा असतो. म्हणजे ३६,००० आपले आणि ६,८४,००० बँकेचे. पण कॉलेजनं फक्त पहिल्या वर्षाची पावती हातात ठेवली, तर बँकेपुढे १,८०,००० एवढाच आकडा येतो. तेव्हा लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, चारही वर्षांची फी वर्षवार आणि बाबवार मागून घ्या. वसतिगृहाची ओळ वेगळी हवी आणि कॉलेजचा खातेक्रमांकही हवा, कारण फीचे पैसे बँक थेट कॉलेजला पाठवते. जागा राखण्यासाठी पहिला हप्ता पदरचा भरला असेल तर ती पावती जपा. वेळेत दाखवली तर बँक ती रक्कम कर्जात धरू शकते.

सहकर्जदार बहुधा वडील किंवा आई. नोकरदाराचं काम सोपं: पगाराच्या अलीकडच्या स्लिपा, फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. दुकानदाराकडे आयकर विवरणपत्रं मागतात. शेतकऱ्यासाठी सातबारा, आठ-अ आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.

इथेच एक गोची होते. पूर्ण व्याजसवलतीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्याचा दाखला लागतो. फेडीची ऐपत दाखवायला मात्र उत्पन्न जास्त दिसलेलं बरं, असं घरच्यांना वाटतं. मग दाखल्यावर दोन लाख आणि अर्जात सहा लाख! दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये असतात, हे विसरायला होतं. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी योजना असल्यामुळे तारण सहसा लागत नाही, त्यामुळे उत्पन्न फुगवून फारसं काही साधतही नाही. खरा आकडा सगळीकडे एकच लिहावा.

अर्ज देण्याआधी वडिलांचं नाव आधार, पॅन, सातबारा आणि पासबुकावर सारखंच लिहिलंय ना, तेवढं ताडून पाहा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.