वाळूतील गाळ चाचणी

वाळूतील गाळ चाचणी ही बांधकामाच्या जागेवरच वाळूमधील माती व गाळाचे प्रमाण अजमावण्याची सोपी पद्धत आहे. कणांवर मातीचे आवरण असल्यास सिमेंट त्यांना घट्ट धरू शकत नाही. शिवाय मातीच्या सूक्ष्म कणांना भिजवण्यासाठी अधिक पाणी खर्ची पडते. परिणामी काँक्रीटची ताकद घटते व गिलाव्याला भेगा पडतात.

कृती

ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून घेतलेली वाळू न सुकवता २०० मिलिलिटरच्या काचेच्या मोजपात्रात १०० च्या खुणेपर्यंत भरतात. अर्ध्या लिटर पाण्यात एक चमचा मीठ विरघळवून ते पाणी १५० च्या खुणेपर्यंत ओततात. मिठामुळे मातीचे सूक्ष्म कण एकत्र येऊन लवकर खाली बसतात. पात्राचे तोंड झाकून ते जोराने हलवतात. शेवटचे काही हिसके आडवे देतात, म्हणजे वाळूचा थर सपाट होतो. नंतर पात्र तीन तास स्थिर ठेवतात. तळाशी वाळू बसते व तिच्यावर गाळाचा थर दिसतो.

गाळाच्या थराची उंची खालच्या वाळूच्या उंचीशी टक्केवारीत मांडतात. उदाहरणार्थ, वाळू ९० च्या खुणेपर्यंत व गाळ ९९ पर्यंत असल्यास गाळाचे प्रमाण ९ भागिले ९०, म्हणजे १० टक्के होते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांनुसार ही मर्यादा ८ टक्के आहे. त्यामुळे ही वाळू धुऊन पुन्हा तपासावी लागते.

कृत्रिम वाळू

महाराष्ट्रात बहुधा बेसाल्ट (काळा दगड) फोडून केलेल्या वाळूस ‘क्रश सँड’ म्हणतात. तिच्यातील बारीक पूड मुख्यतः दगडाचीच असते, माती नव्हे. म्हणून भारतीय मानक ३८३ (२०१६) नुसार ७५ मायक्रॉनहून बारीक कणांची मर्यादा नैसर्गिक वाळूस वजनाने ३ टक्के, तर दगड फोडून केलेल्या वाळूस १५ टक्के आहे. मोजपात्रातील थर पूड व माती यांत भेद करत नाही, म्हणून येथे ८ टक्क्यांची कसोटी लावणे योग्य नव्हे. पूड ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर धुऊन वजनाने मोजतात. खाणीवरील मातीचा थर नीट न काढल्यास पुडीत माती मिसळते. ती प्रयोगशाळेतील मिथिलीन ब्ल्यू चाचणीने ओळखता येते.

मिश्रणावरील परिणाम

या वाळूचे कण कोनदार व खरखरीत असल्याने काँक्रीट घट्ट वाटते आणि कामगार वरून पाणी ओततात. ५० किलो सिमेंटच्या पोत्यास २५ लिटर पाणी ठरले असता पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० असते, चार लिटर वाढवताच ते ०.५८ होते व ताकद कमी होते. त्याऐवजी प्लॅस्टिसायझर वापरतात अथवा वाळू व खडीचे प्रमाण बदलून चाचणी मिश्रण करतात. मर्यादेतील दगडी पूड कणांमधील पोकळ्या भरते, त्यामुळे काँक्रीटच्या पृष्ठावर पाणी सुटणे कमी होते. गिलाव्यासाठी मात्र वेगळी, अधिक बारीक चाळलेली वाळू घेतात.