रोज पुसूनही लादी धूसर का?

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास गॅलरीतून तिरपं ऊन दिवाणखान्यात उतरलं की पुण्यातल्या त्या दोन बेडरूमच्या घरातली लादी दिसू नये तशी दिसायची. एरवी पांढरीशुभ्र वाटणाऱ्या टाइल्सवर फडक्याचे अर्धगोल पट्टे, मध्येच दुधाळ ढग आणि अनवाणी पावलांचे स्पष्ट ठसे. घर चार वर्षांपूर्वीच घेतलेलं. लादी रोज सकाळी पुसली जायची, तीही भरपूर सुवासिक फ्लोअर क्लीनर घालून. पट्टे दिसले की क्लीनर वाढायचा आणि क्लीनर वाढला की पट्टेही वाढायचे. टाइलच निकृष्ट निघाली अशी घरच्यांची खात्री होत आली होती, आणि पॉलिश करणाऱ्याला बोलवायचंही ठरलं होतं.

टाइल मात्र धडधाकट होती. तिच्यावर साचला होता तो रोज ओतलेला क्लीनर.

हे समजण्यासाठी व्हिट्रिफाइड टाइल म्हणजे काय हे थोडं पाहावं लागतं. माती, फेल्डस्पार आणि गारेची पूड प्रचंड दाबाखाली दाबून सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजली की आतला काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि बारीक छिद्रं बुजतात. म्हणून ही टाइल आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी शोषत नाही. जुन्या घरातली शहाबादी फरशी थोडंफार पाणी पिते, त्यामुळे पाण्यात काही जास्त पडलं तरी ते लगेच नजरेत भरत नाही. व्हिट्रिफाइड टाइलवर पडलेलं पाणी वरच राहतं. पंख्याखाली ते पाच मिनिटांत उडून जातं, पण त्यातला साबणासारखा पदार्थ, सुगंधी तेल, रंग आणि पाण्यातले क्षार उडत नाहीत. ते तिथेच वाळतात.

एका दिवसाचा हा थर इतका पातळ असतो की डोळ्यांना दिसत नाही. दुसऱ्या दिवशीचं ओलं फडकं तो अर्धवट विरघळवतं, इकडून तिकडे पसरवतं आणि त्यावर नवा थर चढवतं. काही आठवड्यांत टाइलवर कमी-जास्त जाडीचा तवंग बसतो. गुळगुळीत टाइलवरून प्रकाश आरशासारखा परततो. या तवंगावर तो विखुरतो आणि आपल्याला धूसरपणा दिसतो. फडकं जिथे वळलं तिथे थर जाड राहतो, म्हणून पट्टे अर्धगोल असतात. शिवाय हा थर किंचित चिकट असतो. त्यावर धूळ बसते, तळपायाचा घाम आणि तेल उमटतं. लादी पुसल्यावर तासाभरात पावलं उमटू लागली, तर ती बहुतेक वेळा अस्वच्छतेची नव्हे, उरलेल्या क्लीनरची खूण असते.

त्या घरात किती क्लीनर जात होता? बाटलीवर लिहिलं होतं, अर्ध्या बादलीला एक टोपण. टोपण साधारण २० मिलिलिटरचं. पण बाटली थेट बादलीवर तिरपी केली जायची आणि एका धारेत १५० मिलिलिटर तरी पडायचं, म्हणजे सातपटीहून जास्त. लिटरभराची बाटली आठवडाभरात संपायची. कामाच्या मावशींचं म्हणणं सरळ होतं, “ताई, वास आला नाही तर लादी पुसली असं वाटतच नाही ना!” त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते टोपण मापासाठी आहे, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त नडली. डाग निघत नाहीत म्हणून अधूनमधून त्याच बादलीत कपड्यांची पावडरही पडायची. जंतुनाशक क्लीनरमध्ये बऱ्याचदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं द्रव्य असतं. त्याच्या कणांवर धन विद्युतभार असतो आणि कपड्यांच्या पावडरीतल्या मुख्य घटकावर ऋण. दोघं एकत्र आले की एकमेकांना धरून बसतात. जंतुनाशकाचा गुण जातो आणि पाण्यात सहज न विरघळणारा चिकट गाळ उरतो. म्हणजे दोन्हींचा खर्च करून हाती येतो तो तवंगच. पुसायच्या पाण्यात मूठभर मीठ टाकायची पद्धतही अनेक घरांत आहे. पाणी उडाल्यावर ते मीठही टाइलवर पांढुरकं होऊन राहतं.

साफसफाईला हात घालण्याआधी धूसरपणा कशाचा हे ओळखायला हवं, आणि त्याला पाच मिनिटं पुरतात. कोपऱ्यातल्या एका टाइलवर नुसतं गरम पाणी शिंपडायचं आणि ओल्या स्पंजने अर्धा मिनिट गोल गोल घासायचं. पाण्यात काहीही घातलेलं नसताना फेस आला, तर तो टाइलवरच्या जुन्या क्लीनरचा. त्या घरात पहिल्याच टाइलवर पांढरा फेस उभा राहिला. मग ते पाणी टिपून, कोरड्या सुती फडक्याने टाइल पूर्ण वाळवायची आणि शेजारच्या टाइलशी तिरप्या उजेडात ताडून पाहायची. ओली असताना प्रत्येक टाइल चमकते, त्यामुळे निकाल वाळल्यावरच द्यायचा.

फेस आला नाही आणि वाळल्यावर धूसरपणाही तसाच राहिला, तर बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार, किंवा नव्या घरात सांधे भरताना पसरलेलं सिमेंट, हे पुढचे संशयित. तिथे आम्लाचा उपयोग होतो. त्यानेही फरक पडला नाही आणि धूसरपणा फक्त येण्याजाण्याच्या वाटेवर असेल, तर वाळूच्या कणांनी पॉलिश घासलं गेलेलं असतं. ते कोणत्याही बाटलीने परत येत नाही.

दिवाणखान्यात दोन फुटी चौरस टाइल्स बेचाळीस होत्या. रविवारी सकाळी आधी सोफा, टीपॉय हलवून मऊ झाडूने केर काढला, कारण कचकच राहिली तर घासताना तीच ओरखडे पाडते. मग मॉप धुवायला घेतला. ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात. महिनोन्‌महिने क्लीनर प्यायलेल्या मॉपने स्वच्छ पाणी फिरवलं तरी ते स्वच्छ राहत नाही. गरम पाण्यात तो चार वेळा पिळल्यावर कुठे फेस थांबला. कपडे मऊ करायचं द्रावण मॉपला किंवा मायक्रोफायबरच्या फडक्याला अजिबात लावायचं नाही. तेही धाग्यांवर थर धरतं आणि लादीवर उतरतं.

त्यानंतर दोन बादल्या घेतल्या. एकीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी, दुसरी मॉप खळबळून पिळण्यासाठी. पाण्यात काहीही घातलं नाही. एका वेळी फक्त चार टाइल्स घेतल्या. त्या ओल्या करून दोन मिनिटं तशाच ठेवल्या, म्हणजे थर सुटतो. मग मॉपने घासलं, तो दुसऱ्या बादलीत पिळला, पुन्हा स्वच्छ पाण्याने पुसलं आणि पाणी स्वतःहून वाळण्याआधी कोरड्या फडक्याने टिपून घेतलं. सगळं रहस्य या शेवटच्या कृतीत आहे. पाणी लादीवर वाळू दिलं तर सुटलेला थर पुन्हा तिथेच बसतो. टिपून घेतलं तर तो फडक्याबरोबर जातो. म्हणून काम चालू असताना पंखा बंद हवा. दर आठ टाइल्सनंतर पाणी बदललं. पहिल्या बादलीतलं पाणी ताकासारखं दिसत होतं.

पहिल्या फेरीनंतर पट्टे बरेच गेले, पण गॅलरीच्या दाराजवळ फिकट ढग उरले. दुसरी फेरी त्याच रीतीने पुढच्या रविवारी झाली. तरीही दारापाशी पाच-सहा टाइल्सवर पांढुरकेपणा राहिला आणि तो बोअरच्या पाण्याचा निघाला. त्यासाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, एक लिटर कोमट पाण्यात सपाट चमचाभर, पुरेसं झालं. कोपऱ्यात आधी तपासून, तीन-चार मिनिटं ठेवून, साध्या पाण्याने दोनदा पुसून घेतलं. लिंबूसत्त्व नसेल तर पाच लिटर पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर चालतं. ताजं लिंबू नको. त्यातली साखर आणि गर पुन्हा चिकटपणा आणतात. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालून फसफसवण्याचा उपायही निरुपयोगी आहे. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे आणखी एक क्षार उरतो.

इथे जपायच्या जागा आहेत. आम्ल कितीही सौम्य असलं तरी ते संगमरवर, कोटा, कडप्पा आणि मोझॅइक यांना खातं. आपल्याकडे टाइल्सच्या घरातही उंबरठा आणि खिडकीची चौकट बहुधा संगमरवराची असते, तेव्हा तिथे हे पाणी पोचू द्यायचं नाही. बाथरूमसाठी आणलेलं जहाल ॲसिड तर लादीवर मुळीच नको. ते सांध्यातलं सिमेंट पोखरतं. आणि ब्लीचिंगचं पाणी कोणत्याही आम्लात, व्हिनेगरमध्येसुद्धा, कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

पॉलिशवाल्याचं काय झालं? त्याला बोलावण्याची वेळ आली नाही, हे बरंच झालं. डबल चार्ज प्रकारच्या टाइलमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे खरोखर झिजली तर ती यंत्राने घासून पुन्हा चकचकीत करता येते. वर चकाकीचा पातळ लेप असलेल्या ग्लेझ्ड टाइलवर तेच यंत्र फिरवलं तर लेप आणि त्याखालची छापील नक्षी दोन्ही जातात. मेण किंवा चमक आणणारं द्रावण लावण्यातही अर्थ नाही. टाइल ते शोषत नाही, म्हणजे तवंगावर आणखी एक तवंग चढतो.

आता त्या घरात आठवड्यातले पाच दिवस लादी साध्या पाण्याने पुसली जाते आणि दोन दिवस अर्ध्या बादलीत एक टोपण क्लीनर पडतो. मावशींनी टोपण बादलीच्या कडीला दोरीने बांधून टाकलं आहे. घरात रांगतं बाळ किंवा आजारी माणूस असेल आणि जंतुनाशक जास्त प्रमाणात वापरावं लागलं, तर बाटलीवर सांगितलेला वेळ ते लादीवर ओलं ठेवून नंतर साध्या पाण्याने पुसून घ्यावं. एरवी आठवड्याला दोन टोपणं, म्हणजे ४० मिलिलिटर. पूर्वी सात दिवसांत संपणारी लिटरभराची बाटली या हिशेबाने जवळजवळ सहा महिने पुरते.