पटवारी वेगळा, 'ले' तोच

पांढुर्ण्याचा शेतकरी तहसिलीतून परत आला की सांगतो, 'म्या पटवाऱ्याले खसऱ्याची नक्कल मांगतली.' सीमेपलीकडे, नरखेडच्या बाजूला, त्याचाच सोयरा सांगतो, 'म्या तलाठ्याले सातबाऱ्याचा उतारा मांगतला.' दोघांच्याही संत्र्याच्या बागा, दोघांचीही बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची. 1956च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्याच छिंदवाड्यातून 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. शाळा, कचेरी, मंडी सगळं हिंदीत. त्यामुळे या भागातल्या मराठीबद्दल काही समजुती पक्क्या झाल्या आहेत.

गैरसमज: 'इतके हिंदी शब्द शिरले, आता ती मराठी कुठली?'

वरची दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पटवारी-तलाठी, खसरा-सातबारा, नक्कल-उतारा, म्हणजे नावं सगळी वेगळी. पण 'म्या', 'ले', 'ची', 'चा' यांत काहीच फरक नाही. आता उलटा प्रयोग करू. नावं महाराष्ट्रातली ठेवू आणि बाकीचं बदलू: 'मैंने तलाठी को अर्ज देकर सातबारा की प्रत मांगी.' तलाठी, सातबारा, प्रत हे सगळं सीमेपलीकडचं, तरी वाक्य हिंदी झालं. कोणत्याही मराठी माणसाला ते क्षणात कळतं.

भाषेत दोन तऱ्हेचे शब्द असतात. नाम, विशेषण, क्रियापद यांचा वर्ग उघडा असतो. नवी वस्तू, नवं खातं, नवी योजना आली की तिचं नाव या दारातून आत येतं. सर्वनामं, विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी आणि उभयान्वयी अव्ययं यांचा वर्ग बंद असतो. इंग्रजीत 'ऑफ' आणि 'द' याच वर्गातले. आपल्याकडे 'द'सारखा शब्दच नाही, आणि 'ऑफ'चं काम 'चा-ची-चे' करतात, तेही स्वतंत्र न राहता नामाला चिकटून.

चिकटण्याआधी एक गोष्ट घडते, तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'खसरा' मराठीत आला आणि त्याचं 'खसऱ्या' झालं, जसं घोड्याचं 'घोड्या' होतं. 'मंडी' आली आणि 'मंडीत', 'मंडीतून', 'मंडीले' अशी चालू लागली. पाहुणा शब्द घरचं सामान्यरूप घेतो, लिंग घेतो, मग प्रत्यय घेतो. म्हणजे उसना शब्द आत येतो तो बंद वर्गाच्याच हातून. जे हात आत घेतात त्यांनाच बदलायचं तर सगळी मांडणी एकदम बदलावी लागेल. 'ले'च्या जागी 'को' आणला तर 'मले, तुले, त्याले, आमाले' ही सगळी ओळ हलते, आणि 'को'ला चालेल असं नामाचं रूपही वेगळं लागतं. शिवाय 'को' म्हणजे काय, हे बोट दाखवून सांगता येत नाही. खसऱ्याचा कागद हातात धरता येतो, त्याचं नाव नसेल तर अडतं. 'को'विना मराठीचं काहीच अडत नाही, कारण ती जागा भरलेली आहे.

गैरसमज: 'बंद वर्गात बाहेरचं कधीच काही येत नाही.'

हेही खरं नाही. 'बद्दल', 'ऐवजी', 'मार्फत' ही तिन्ही आपली रोजची शब्दयोगी अव्ययं मुळात अरबी, फारसीवाटे आलेली. पण ती आली कशी ते पाहायला हवं. 'बदल' आणि 'इवज' म्हणजे मोबदला, 'मारिफत' म्हणजे ओळख. म्हणजे आधी नामं होती. उघड्या दारातून आत आली, पिढ्यान् पिढ्या वापरात घासली गेली आणि मग नामाच्या मागे उभी राहिली: 'गव्हाऐवजी', 'भावामार्फत'. घरच्या शब्दांचंही असंच होतं. 'पावसामुळे' म्हणताना झाडाचं मूळ कोणाच्या मनात नसतं. 'कर्जापायी' म्हणताना पाय आठवत नाही, 'मायेपोटी' म्हणताना पोट आठवत नाही. बंद वर्गातले नवे शब्द बहुधा असे जुन्या शब्दांच्या झिजण्यातून तयार होतात.

या वर्गातही सगळ्यांचा टणकपणा सारखा नाही. वाक्यांना जोडणारे शब्द तुलनेनं सहज येतात, कारण ते कशाला चिकटत नाहीत आणि त्यांच्यासाठी नामाचं रूप बदलावं लागत नाही. 'व' हा आपला शब्द फारसीतून आला आहे. हिंदीत शिकलेल्या माणसाच्या मराठीत 'पण'च्या जागी 'लेकिन' येतो, त्याचं कारणही हेच. तोच माणूस पुढच्या शब्दाला मात्र 'ले'च लावतो. सर्वनामं याहून टणक, तरी इंग्रजीतलं 'दे', म्हणजे 'ते', हे सर्वनाम उत्तर युरोपातून आलेल्या नॉर्स भाषकांचं आहे. त्यासाठी दोन जवळच्या भाषांचे लोक इंग्लंडात पिढ्यान् पिढ्या एकत्र राहावे लागले.

गैरसमज: 'ठरवलं तर असे शब्दही घडवता येतील.'

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला. फारसी राजशब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश. डबीराचा सुमंत झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी 'दिनांक', 'महापौर' हे शब्द दिले आणि ते रुळले. हे सगळे नाम या वर्गातले. 'बद्दल' नको असेल तर 'विषयी' वापरता येतं, पण ते भाषेत आधीपासून होतं. कोरी विभक्ती घडवून लोकांच्या तोंडी बसवणं ही गोष्टच निराळी आहे. इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात 'तो किंवा ती' या अर्थी 'थॉन' हे सर्वनाम मुद्दाम घडवलं गेलं. ते 1934च्या वेबस्टर कोशात छापलं गेलं, पण लोक ते बोललेच नाहीत आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीतून ते काढलं गेलं. स्वीडिशमध्ये 'हेन' हे तशाच अर्थाचं सर्वनाम मात्र रुजलं, 2015 साली तिथल्या अधिकृत शब्दसूचीत गेलं. म्हणून अशक्य म्हणता येत नाही, दुर्मीळ म्हणता येतं.

गैरसमज: '"ले" टिकला, म्हणजे व्याकरणावर हिंदीचा परिणाम नाही.'

'मी जाऊन राहिलो' हे वाक्य पुण्याच्या माणसाला बुचकळ्यात टाकतं. त्याला वाटतं, जाऊन तिथेच राहिला. नागपूर-पांढुर्ण्याकडे त्याचा अर्थ आहे 'मी जात आहे'. हा साचा हिंदीच्या 'जा रहा हूं' याच्याशी जुळणारा. त्यातला एकही तुकडा मात्र हिंदी नाही. 'ऊन' आपला, 'राहणं' आपलं. प्रत्यय जागचे हलत नाहीत, पण त्यांची जुळणी शेजाऱ्यासारखी होऊ शकते. सांगलीजवळच्या कुपवाडात गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांना हेच फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. 1971 साली त्यांनी दाखवलं, की तिथल्या मराठी, कानडी आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की शब्दाला शब्द ठेवून एकीतून दुसरीत जाता येतं, पण शब्द आणि प्रत्यय बहुतांशी ज्याचे त्याच्याजवळच राहिले आहेत.

म्हणून सौंसरच्या एखाद्या घरात मराठीचं काय चाललं आहे हे जाणायचं असेल, तर पोर 'किताब' म्हणतं की 'पुस्तक' याकडे कान देऊन फार काही कळत नाही. ते 'आजीले सांगतो' म्हणतं की 'दादी को बताता हूं', ते ऐकावं. 'आजीको सांगतो' असं मधलं वाक्य सहसा ऐकू येत नाही. पोर 'ले' सोडतं तेव्हा त्यानं सबंध वाक्यच हिंदीत धरलेलं असतं.